शंभर टक्के दिसलं, तरी ओवी अर्धीच: फाईल पूर्ण पोचली का, हे कसं तपासायचं

प्रश्न: आम्ही मुळशी भागात जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करतो आणि नेटवर्क मिळेल तसं पुण्याच्या ऑफिसच्या सर्व्हरवर चढवतो. फोनवर शंभर टक्के दिसतं, फाईल सर्व्हरवर वाजतेही, पण महिन्याभराने लिहून काढायला बसलं की कळतं, शेवट गायब आहे. तोवर फोनमधली मूळ फाईल पुसलेली असते. पूर्ण आणि अर्धवट फाईल त्याच दिवशी ओळखायची कशी?

उत्तर:

फाईल पाठवण्याआधी फोनवरच तिचे नेमके बाइट आणि तिचा हॅश, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटवरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून ठेवा. पुण्यात पोचलेल्या फाईलवर तेच दोन आकडे पुन्हा काढा. दोन्ही जुळले तरच फोनमधली फाईल पुसायची. फोनवरचा टक्केवारीचा पट्टा, फाईल उघडणं, फाईल वाजणं, यातलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. असं का, ते समजलं की पुढची कामाची पद्धत आपोआप बसते, म्हणून आधी तेवढं सांगतो.

पट्टा काय मोजतो? बहुतेक ॲपमध्ये तो फक्त एवढंच मोजतो की ॲपने किती बाइट फोनच्या सिस्टीमकडे सोपवले. ते लगेच हवेतून जात नाहीत. पाठवायच्या डेटासाठी फोनमध्ये एक साठा असतो, त्यात ते थांबतात. समोरून पोच येईल तसा साठा रिकामा होतो. फाईलचा शेवटचा तुकडा या साठ्यात पडला की ॲपच्या हिशेबाने शंभर टक्के झाले, पण तो तुकडा अजून फोनमध्येच असू शकतो. ९९ किंवा १०० वर पट्टा बराच वेळ अडकतो तो म्हणूनच. काम झाल्याची खरी खूण म्हणजे सर्व्हरकडून आलेलं उत्तर, आणि त्या उत्तराचाही अर्थ प्रत्येक पद्धतीत वेगळा असतो.

आता तुमचा रस्ता डोळ्यासमोर आणा. ताम्हिणीकडून परत येताना गाडीतच अपलोड सुरू असतं. घाटात टॉवर सुटतो, पौडच्या अलीकडे पुन्हा पकडतो, पिरंगुटला वेग येतो. नुसता टॉवर बदलला तर जोडणी सहसा टिकते. पण नेटवर्क पूर्ण जाऊन परत आलं, तर फोनला नवा आयपी पत्ता मिळू शकतो. फाईल ज्या टीसीपी जोडणीतून जाते ती दोन्ही बाजूंचे पत्ते आणि पोर्ट यांवर उभी असते. त्यातली एक गोष्ट बदलली की जुनी जोडणी मेली. मला सगळ्यात जास्त तुटलेली अपलोड सापडली ती मात्र घाटातली नव्हती. माणसं कोथरूडच्या ऑफिसच्या दारात पोचायची, फोन मोबाईल डेटा सोडून वायफाय धरायचा, आणि ९५ टक्क्यांवरची फाईल तिथेच तुटायची.

जोडणी तुटली हे सर्व्हरला लगेच कळत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर नुसती शांतता असते. समोरचा थांबला आहे की संपला आहे, हे त्या शांततेवरून सांगता येत नाही. म्हणून फाईल संपल्याचं सर्व्हरला कशावरून कळतं, हा प्रश्न तुमच्या पद्धतीला विचारायला हवा.

एचटीटीपीने अपलोड होत असेल तर फोन सहसा सुरुवातीलाच `Content-Length` मध्ये सांगतो की एवढे बाइट येणार आहेत. कमी आले तर सर्व्हरला कमतरता कळू शकते. एफटीपीमध्ये तशी सोय नाही. तिथे नेहमीच्या पद्धतीत डेटाची जोडणी बंद होणं हीच फाईल संपल्याची खूण असते. आता समजा, बॅटरी वाचवण्यासाठी फोनच्या सिस्टीमने मागे चालणारं ॲप मारलं. ॲप मेल्यावर सिस्टीम त्याची उघडी जोडणी रीतसर बंद करते. सर्व्हरला दिसतं की जोडणी नीट बंद झाली, म्हणजे फाईल संपली. तो त्याच्या नोंदीत `226` लिहितो आणि ४० मिनिटांची फाईल २८ मिनिटांची असतानाही त्याच्या लेखी सगळं सुरळीत असतं. नोंदीत `426` असेल तर अपलोड तुटलं हे नक्की. पण `226` असेल तर फाईल पूर्ण आहे, असं म्हणता येत नाही. तुमचं अपलोड ॲप एफटीपीवर चालत असेल तर तुमच्या त्रासाचं हे एक मोठं कारण असू शकतं. तेवढं आधी बघा.

आता एक फाईल घेऊन हिशोब करू. आकडे आमच्याच कामातले आहेत. फाईल `.wav`, एक चॅनल, १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. प्रत्येक नमुना दोन बाइटचा, म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. रेकॉर्डिंग बरोबर ४० मिनिटांचं, म्हणजे २,४०० सेकंद. गुणाकार केला की २१,१६,८०,००० बाइट आवाज, आणि सुरुवातीचं ४४ बाइटचं शीर्षक धरून एकूण २१,१६,८०,०४४ बाइट.

सर्व्हरवर फाईल होती, वाजत होती, शेवटची ओळही स्पष्ट ऐकू येत होती. जात्यावर बसलेली बाई मध्येच थांबते, पाणी पिते, कुणाशी बोलते, म्हणून तिथे संपलं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाइट मोजले तर १५,०९,९४,९४४. शीर्षक वजा करून ८८,२०० ने भागलं की २८ मिनिटं ३२ सेकंद येतात. साडेअकरा मिनिटांच्या ओव्या गेल्या होत्या.

या आकड्यात आणखी एक खूण होती. १५,०९,९४,९४४ ला १०,४८,५७६ ने भागा, बरोबर १४४ येतात, बाकी शून्य. १०,४८,५७६ बाइट म्हणजे संगणकाच्या हिशोबाचा एक एमबी. आमचं ॲप फाईल अशा एकेक एमबीच्या तुकड्यांनी पाठवायचं. १४४ तुकडे पोचले आणि १४५ व्याला नेटवर्क गेलं. खरं रेकॉर्डिंग अशा गोल आकड्यावर संपणं हा मोठा योगायोग ठरेल. त्यामुळे बाकी शून्य आली तर ती फाईल लगेच बाजूला काढा. पण उलट बाजूने बाकी उरली म्हणून फाईल पूर्ण, असं समजू नका. तुकड्याच्या मध्येच तुटलेल्या फाईलही असतात.

बाइट जुळवताना एमबीच्या फंदात पडू नका. अनेक फोन हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. ही वरची पूर्ण फाईल फोनवर २११.६८ एमबी दिसेल आणि विंडोजवर २०१, तरी ती तीच फाईल असेल. आमच्याकडे एका मुलीने या फरकामुळे चांगल्या फाईल अर्धवट समजून पुन्हा पाठवल्या होत्या. याच्या उलट घोळही होतो. एमबीचा आकडा जुळतो, पण शेवटचे काही हजार बाइट नसतात. विंडोजमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये एमबीशेजारी कंसात पूर्ण बाइट दिसतात. तोच आकडा घ्या.

`.wav` फाईलची एक चांगली गोष्ट अशी की आपली लांबी ती स्वतःच सांगते. पहिली चार अक्षरं `RIFF`, त्यांच्यापुढच्या चार बाइटमध्ये फाईलची लांबी, आठ वजा करून. फाईल कापली गेली तरी सुरुवातीचा हा आकडा जुनाच राहतो. म्हणून काही प्लेयर तुम्हाला ४० मिनिटं दाखवतात आणि २८ व्या मिनिटाला गप्प होतात, तर काही थेट २८ मिनिटंच दाखवतात. मूळ फाईल पुसली गेली असली तरी या आकड्याच्या आधारे तपासता येतं, आणि तुमच्या जुन्या साठ्यासाठी हेच पहिलं काम आहे. शून्य बाइटच्या फाईल आधी बाजूला काढा, मग हे पायथनमध्ये, पुढे फाईलची नावं देऊन, चालवा:

```python
import os, struct, sys
for f in sys.argv[1:]:
    with open(f, "rb") as h:
        h.seek(4)
        hava = struct.unpack("<I", h.read(4))[0] + 8
    aahe = os.path.getsize(f)
    if hava != aahe:
        print(f, hava, aahe)
```

जिथे दोन आकडे जुळत नाहीत त्याच फाईल छापल्या जातील. `hava` मोठा आणि `aahe` लहान असेल तर फाईल कापलेली आहे. काही रेकॉर्डर मात्र हा आकडा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. ॲप मध्येच बंद पडलं असेल तर तिथे शून्य किंवा भलताच आकडा राहतो. तो दोष नेटवर्कचा नाही, रेकॉर्डिंगचा आहे.

इथवर आलात तरी अपूर्ण फाईलची एक जात सुटते, आणि मला तीच जास्त घातक वाटते. फाईलचे बाइट अगदी जुळतात, तरी ती अपूर्ण असते.

काही अपलोड पद्धतींत सर्व्हर आधी पूर्ण मापाची फाईल तयार करून जागा धरून ठेवतो आणि येतील तसे तुकडे आपापल्या जागी ठेवत जातो. तीन-चार तुकडे एकाच वेळी येत असतात. नेटवर्क डळमळलं, एक तुकडा हरवला, आणि ॲपने तो परत पाठवला नाही, तर त्या जागी शून्य बाइट राहतात. माप पूर्ण, शीर्षक बरोबर, शेवटही जागेवर. १६ बिटच्या `.wav` मध्ये शून्य म्हणजे शांतता. ओव्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ओव्यांच्या मध्ये तशीही शांतता असतेच.

आमच्या एका फाईलमध्ये ६३ वा तुकडा आलेला नव्हता. ६२ तुकड्यांचे ६,५०,११,७१२ बाइट होतात, त्यातून शीर्षक वजा करून भागलं की १२ मिनिटं १७ सेकंद. एक तुकडा ११.९ सेकंदांचा. म्हणजे १२:१७ ते १२:२९ रिकामं. ऐकणाऱ्याने वहीत लिहून ठेवलं होतं, 'बाई थोडा वेळ थांबल्या.' बाई थांबल्या नव्हत्या, जातं चालूच होतं. खरी शांतता कधी कोरी नसते. जात्याची घरघर, कोंबडी, वारा, निदान माइकची हलकी खरखर तरी असते. हेडफोन लावून ऐकलं तर खरखरीसकट सगळं एकदम तुटतं आणि तसंच एकदम परत येतं. ऑडॅसिटीत उघडून मोठं करून पाहिलं तर तिथे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसते.

शेकडो फाईल कान लावून तपासता येणार नाहीत, म्हणून `ffmpeg` या प्रोग्रॅमची ही आज्ञा:

```
ffmpeg -i ovi_14.wav -af aformat=sample_fmts=flt,silencedetect=noise=-91dB:d=5 -f null -
```

१६ बिटच्या आवाजात सगळ्यात लहान हालचाल साधारण उणे ९०.३ डेसिबलची असते. उणे ९१ लावलं की निव्वळ शून्य तेवढं पकडलं जातं. सलग पाच सेकंद शून्य सापडलं तर `silence_start` आणि `silence_end` समोर सेकंद छापले जातील. काही फोन आवाज स्वच्छ करण्याच्या नादात शांत जागा स्वतःच शून्य करतात. त्या फोनच्या फाईलमध्ये अशा जागा ठिकठिकाणी आणि वेगवेगळ्या लांबीच्या मिळतील. हरवलेला तुकडा मात्र ठरलेल्या लांबीचा असतो, आणि त्याची सुरुवातही तुकड्याच्या हिशोबात बसते. वरच्यासारखा भागाकार करून पाहा.

एवढी शोधाशोध करावी लागते ती मूळ फाईल हातात नसते तेव्हा. मूळ असेल तर हॅश एका फटक्यात निकाल देतो. हॅश म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बाइटवर हिशोब करून काढलेला ६४ अक्षरांचा आकडा. शेवट कापला गेला असो, मध्ये छिद्र पडलं असो की एखादा तुकडा दुसऱ्याच्या जागी बसला असो, एक बाइट जरी हलला तरी हॅश सगळाच बदलतो. त्यामुळे तो अर्धवट जुळण्याचा प्रश्नच येत नाही.

फोनवर हे टर्मक्स नावाच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या ॲपमध्ये करता येतं. पहिल्यांदा `termux-setup-storage` चालवून फाईल वाचायची परवानगी द्यायची, मग रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
sha256sum *.wav > yadi.txt
```

ही यादी दहा-पंधरा फाईलची असली तरी दीड हजार बाइटच्या आतच भरते. जिथे २०० एमबीची फाईल तासभर रडते तिथे ती एका क्षणात जाते. यादी फाईलच्या वाटेने पाठवू नका, व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, 'आज १४ फाईल'. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एखादी फाईल यादीत आलीच नाही किंवा यादीच अपुरी चिकटवली, तर हॅश ते सांगू शकत नाही. ऑफिसमध्ये तो मजकूर `yadi.txt` म्हणून फाईलच्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि:

```
sha256sum -c yadi.txt
```

प्रत्येक नावापुढे `OK` किंवा `FAILED` येईल. ऑफिसात नुसतं विंडोज असेल तर `certutil -hashfile ovi_14.wav SHA256` एकेका फाईलचा हॅश देतं, तो यादीशी डोळ्यांनी ताडायचा.

हॅश कधी काढता यालाही अर्थ आहे. पोचलेली फाईल फोनवरच्या त्या घडीच्या फाईलसारखीच आहे, एवढंच तो सांगतो. रेकॉर्डर अजून शेवट लिहीत असताना हॅश काढला तर चांगली पोचलेली फाईलही `FAILED` दाखवेल. आणि रेकॉर्डिंगच अर्धं झालं असेल तर त्या अर्ध्याचा हॅश इमानाने जुळेल. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. रेकॉर्डिंग थांबवायचं, फाईलची शेवटची दहा सेकंदं त्या बाईंसमोरच ऐकायची, मग यादी काढायची. बाईंनाही आपला आवाज ऐकायला आवडतो, आणि काही राहिलं असेल तर त्या तिथेच सांगतात.

पाठवण्याची पद्धत बदलणं तुमच्या हातात असेल तर टर्मक्समधूनच `rsync` वापरा:

```
rsync -av --timeout=60 --partial-dir=.apurna *.wav user@server:ovya/
```

यात फाईल सर्व्हरवर आधी तात्पुरत्या नावाने उतरते आणि पूर्ण होऊन तपासली गेली की मगच तिला खरं नाव मिळतं. तुटली तर आलेला भाग `.apurna` या फोल्डरमध्ये राहतो, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की तो भाग परत पाठवावा लागत नाही. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी `-P` वापरायला सांगतात. तुमच्यासाठी ते योग्य नाही, कारण त्यात तुटलेला भाग खऱ्या नावानेच जागेवर ठेवला जातो, आणि ऑफिसात बसलेल्या माणसाला ती पूर्ण फाईल वाटते. दुसरी कुठलीही पद्धत असली तरी तुमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्याला एवढं सांगा की येणारी फाईल `ovi_14.wav.part` अशा नावाने उतरू दे आणि हॅश जुळल्यावर `.part` काढ. मग फोल्डरकडे नुसतं पाहूनही काय पूर्ण आहे ते कळतं.

तुमच्यापैकी कुणाचा फोन `.m4a` मध्ये रेकॉर्ड करत असेल तर चित्र थोडं वेगळं. त्या फाईलची आतली अनुक्रमणिका, `moov`, फोन सहसा सगळ्यात शेवटी लिहितो. शेवट कापला गेला की फाईल उघडतच नाही, आणि गडबड त्याच दिवशी समोर येते. पण तीच फाईल एखाद्या ॲपमधून काढून घेतली असेल आणि त्याने `moov` पुढे आणलेला असेल, तर ती कापल्यावरही वाजते. संमतीपत्रांचे फोटो पाठवता त्यात खालचा भाग राखाडी दिसला तर तो फोटो कापलेला आहे. सही नेमकी तिथेच असते. आणि फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला असेल तर तो दाबून लहान केलेला असतो, त्याचे बाइट मुळाशी जुळणारच नाहीत. तुलना करायची असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

पुसण्याचा नियम आम्ही असा ठेवला आहे. ज्याने यादी पाठवली त्याने पुसायचं नाही. ऑफिसातून `OK` ची यादी ग्रुपवर परत आली, आणि सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप झाला, की दुसऱ्या दिवशी पुसायचं. फोनमध्ये जागा नसेल तर मेमरी कार्ड घ्या. एका दिवसाच्या दहा तासांच्या रेकॉर्डिंगलाही वरच्या हिशोबाने साडेतीन जीबीहून कमी जागा लागते.

तुमच्या आधीच्या फाईलचं म्हणाल, तर वरच्या दोन तपासण्या सगळ्या साठ्यावर चालवा आणि ज्या अपूर्ण निघतील त्यांच्यासमोर नोंदवहीत नेमकं लिहा: 'अपूर्ण, हवी ४०:००, आहे २८:३२' किंवा 'रिकामी जागा १२:१७ ते १२:२९'. नुसतं 'खराब' लिहू नका. पुढे लिहून काढणारा त्या शांततेचा अर्थ लावत बसणार नाही, आणि कुठल्या गावात कुणाकडे परत जायचं ते तुम्हाला कळेल. पुसलेली फाईल कधीकधी फोनच्या 'ट्रॅश'मध्ये किंवा रेकॉर्डर ॲपच्या स्वतःच्या कचरापेटीत काही दिवस पडून असते. जी अपुरी निघेल तिचा फोन त्याच दिवशी बघा, नवीन रेकॉर्डिंग करण्याआधी. त्या साडेअकरा मिनिटांसाठी आम्ही पावसाळ्यानंतर त्याच घरी परत गेलो. बाईंनी पुन्हा जातं मांडलं आणि पुष्कळ ओव्या दिल्या. पहिल्या दिवशीच्या शेवटच्या ओव्या त्यांना त्या क्रमाने आठवल्या नाहीत. वहीत त्या जागी आजही '२८:३२ पासून पुढे नाही' असंच लिहिलेलं आहे.